अनुभव धागा: बाटल्या अ‍ॅसिडमध्ये भिजवल्या तरी ब्लँकमध्ये झिंक येतंच, तुमच्याकडे कुठून आलं होतं?

आसावरी_नागपूर
आमच्याकडे आधी काम करून गेलेल्या एका मुलीचा परवा फोन आला. "ताई, सगळं नीट धुतलंय, मिली-क्यू नवं आहे, नायट्रिक चांगल्या ग्रेडचं आहे, तरी झिंकचं ब्लँक खाली येईना." ते ऐकलं आणि आमचं विहिरींच्या पाण्याचं काम चालू होतं तेव्हाचा सगळा शोध आठवला, म्हणून हा धागा.

तेव्हा आमच्याकडे पाव लिटरच्या पांढऱ्या एचडीपीई बाटल्या होत्या. साध्या फॉस्फेट नसलेल्या लिक्विडने धुवायच्या, नळाखाली खळखळून, मग डीआयने विसळायच्या, मग झाकण असलेल्या टबात १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर, दुसऱ्या दिवशी मिली-क्यूने चार-पाचदा विसळून झिपच्या पिशवीत. पुस्तकी पद्धत, त्यात खोट नव्हती. तरी ब्लँकला झिंक ६-७ पीपीबी यायचं, आणि तेही सगळ्या बाटल्यांत नाही. काहींत येतं काहींत नाही, याचाच जास्त त्रास, कारण सगळीकडे सारखं आलं असतं तर अ‍ॅसिड नाहीतर पाणी म्हणून मोकळे झालो असतो.

आमच्या सरांनी सुचवलं ते इतकं सोपं होतं की अजून मी प्रत्येक नव्या लॉटला करते. एकाच टबातल्या बाटल्या घ्यायच्या, सगळ्यांत तेच १ टक्का नायट्रिक भरायचं, अर्ध्या उभ्या ठेवायच्या आणि अर्ध्या उलट्या, झाकणावर. दोन दिवसांनी मोजायचं. उभ्यांमध्ये झिंक अर्ध्या पीपीबीच्या खाली, उलट्यांमध्ये ६ च्या वर! म्हणजे बाटली साफ, झाकण घाण. आणि आधी काहींतच का यायचं तेही कळलं, गाडीत ज्या आडव्या पडून यायच्या त्याच त्या.

मग झाकण उघडून बघितलं तर आत पातळ फोमची गोल चकती, नखाने सुटते अशी. नुसती चकती अ‍ॅसिडात टाकून मोजली तर सगळं झिंक तिथलं. शिवाय एक गोष्ट टबाशी उभं राहिल्यावरच दिसते, झाकणं तरंगतात. उपडं झाकण पोटात हवा धरून वर येतं, आटे आणि चकती कोरडीच राहतात, आणि आपण समजतो रात्रभर भिजलं.

तुमचे अनुभव लिहा. धातू असो वा ऑरगॅनिक.

पाटील_कोल्हापूर
झाकणं तरंगतात हे शंभर टक्के!! आम्ही भोकं पाडलेली प्लास्टिकची ताटली वरून दाबून ठेवतो

कावेरी२२
आम्ही झाकण वेगळं भिजवतच नाही. बाटलीत अ‍ॅसिड भरून झाकण लावायचं, एक दिवस उभी, एक दिवस उलटी. अ‍ॅसिड जास्त लागतं पण आटे पण धुतले जातात. टबातलं अ‍ॅसिड किती वेळा वापरता सगळे? आमच्याकडे यावरून रोज वाद

जुना_केमिस्ट
आमच्या काळी क्रोमिक अ‍ॅसिड असायचं, काचेवर एक थेंब चिकटून राहायचा नाही, पाण्याचा पापुद्रा एकसारखा खाली यायचा. आत्ताची पोरं घाबरतात. त्याने सगळं निघतं, धातू पण आणि तेलकट पण.

आसावरी_नागपूर
काका, तेलकट निघतं, मान्य. पण क्रोमियम स्वतःच काचेला धरून बसतं आणि नंतर सावकाश सुटत राहतं, कितीही विसळलं तरी. क्रोमियम मोजायचं असेल तर ती काच त्या कामातून गेलीच. आणि ती वापरून झालेली बादली ओतायची कुठे हा वेगळाच प्रश्न, सहा संयुजेचं क्रोमियम आहे ते.

जुना_केमिस्ट
क्रोमियम मोजायचं असेल तर नको, हे आम्हीही पाळायचो. बाकीला चालतं.

मेघना_जीसी
ऑरगॅनिकवाल्यांची बाजू पण ऐका. आमच्याकडे कीटकनाशकं, जीसी-एमएस. ब्लँकमध्ये १४९ मासचा उंच पीक, म्हणजे थॅलेट, प्लास्टिक मऊ ठेवायला घालतात ते. काच धुऊन पुसून भट्टीत ४५० डिग्रीला चार तास भाजलेली, तिच्यावर काही राहणं शक्यच नाही. मग आलं कुठून? भट्टीतून काढल्यावर शेवटचं अ‍ॅसिटोनने विसळणं व्हायचं, आणि ते अ‍ॅसिटोन असायचं पिचकारीच्या प्लास्टिक बाटलीत, आठवडाभर भरून ठेवलेलं. धुण्याच्या शेवटच्या पायरीनेच काच घाण होत होती. त्या पिचकारीतलं थोडं अ‍ॅसिटोन आटवून इंजेक्ट केलं, तोच पीक. आता सॉल्व्हंट काचेच्या बाटलीतून, टेफ्लॉनच्या पिचकारीने. भाजलेल्या काचेच्या तोंडावर भाजलेलंच अ‍ॅल्युमिनियम फॉइल, पॅराफिल्म अजिबात नाही. आणि मापाचे फ्लास्क, पिपेट भट्टीत घालू नका, खूण बदलते. ते सॉल्व्हंटनेच.

ऋतुजा_क्यूसी
मेघना आमच्याकडे २०७ येतो, तो पण साबणाचा असतो ना? आमचे सिनिअर म्हणतात भांडी नीट विसळत नाही तुम्ही, रोज बोलणी खातोय

मेघना_जीसी
नाही गं, २०७ सोबत २८१ दिसत असेल तर ते सिलिकॉन, सेप्टम नाहीतर कॉलममधून येतं. काही इंजेक्ट न करता नुसती रन घे. तेव्हाही आलं तर भांड्यांचा काही संबंध नाही. साबणाचा त्रास एलसी-एमएसवाल्यांना जास्त, तिथे ४४-४४ च्या अंतराने पीकची रांग दिसली की साबणातलं नाहीतर आणखी कुठलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल.

ऋतुजा_क्यूसी
सेप्टम कधी बदललं कोणालाच आठवत नाहीये 🙈 उद्या पहिलं तेच बघते. थँक्यू गं

शेतकरी_यवतमाळ
ताई आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे का तपासायचंय, कोल्ड्रिंकच्या बाटलीत नेलं तर चालेल का? धुऊन घेऊ गरम पाण्याने? घरी काचेच्या पण आहेत

आसावरी_नागपूर
दादा, फ्लोराइडला काच नको, प्लास्टिकच घ्या, आणि त्यात अ‍ॅसिड काही टाकायचं नाही. कोल्ड्रिंकचीपेक्षा नवी पाण्याची बाटली रिकामी करून घ्या, साबण न लावता त्याच बोअरच्या पाण्याने तीन-चारदा विसळा आणि काठोकाठ भरा. पंप थोडा वेळ चालू देऊन मगच. पण लोह, शिसं असलं काही तपासायचं असेल तर लॅबकडूनच बाटली मागा, तिच्यात तळाला थोडं अ‍ॅसिड असतं. ती विसळायची नाही आणि उतू जाईपर्यंत भरायची पण नाही, नाहीतर अ‍ॅसिड वाहून जातं आणि धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात.

शेतकरी_यवतमाळ
बरं झालं विचारलं. आईचे गुडघे फार दुखतात आणि गावात बऱ्याच जणांचं तसंच आहे म्हणून

कावेरी२२
काळजी घ्या दादा. रिपोर्ट आला की इथे टाका, दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर पिण्याला दुसरी सोय बघावी लागेल

समुद्रपक्षी_गोवा
विहिरीच्या पाण्याला अर्धा पीपीबी ब्लँक चालतं, आमच्याकडे खुल्या समुद्रात वरच्या थराच्या पाण्यातच झिंक ०.०६ पीपीबीच्याही खाली असतं. म्हणजे तुमचं चांगलं ब्लँक हे आमच्या सँपलच्या कितीतरी पट. बाटल्या आठवडाभर साबणात मग आठवडाभर अ‍ॅसिडात, आणि कामाला निघेपर्यंत त्यात पातळ अ‍ॅसिड भरूनच ठेवायचं, रिकामी कोरडी बाटली ठेवायची नाही कारण कोरडी बाटली हवेतली धूळ घेते. त्यात जहाज म्हणजे चालतंफिरतं झिंक. लोखंड गंजू नये म्हणून तळाला झिंकचे ठोकळेच लावलेले असतात, वर ग्रीस, रंग, गंज. पाणी काढायची दोरी पण केव्हलरची, तारेची नाही. आणि हातमोजे बघा! रबर पक्कं करायला झिंक ऑक्साइड घालतात, त्यात पावडरवाले असतील तर संपलंच. नायट्राइलच्या वर आम्ही पॉलिथिनचे पातळ घालतो.

पाटील_कोल्हापूर
हातमोज्यांचं माहितीच नव्हतं. आमच्याकडे पावडरवालेच येतात, स्वस्त म्हणून 😐

निखिल_जर्मनी
मी वेगळं सांगतो, आम्ही धूतच नाही. ५० मिलीच्या पॉलिप्रोपिलीन ट्यूब, एकदा वापरायच्या आणि टाकायच्या. प्रत्येक लॉटमधल्या काही ट्यूब २ टक्के नायट्रिक भरून उलट्यासुलट्या ठेवतो, मोजतो, पास झाला की पूर्ण लॉट तसाच वापरतो. निळी-केशरी झाकणं असतात पण आमच्या पातळीला काही येत नाही. धुण्यात माणसाचा हात जितका लागतो तितकी घाण वाढते असं माझं मत.

समुद्रपक्षी_गोवा
पीपीबीला ठीक. पीपीटीला न धुतलेली ट्यूब मी तरी नाही घेणार.

आसावरी_नागपूर
निखिल, लॉट तपासणं पटतं. पण इथे एकदा वापरून टाकायच्या म्हटलं तर वर्षाचं बजेट दोन महिन्यांत संपेल. रंगीत झाकणाबद्दल मात्र मी साशंकच, जुन्या लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असायचं, त्यामुळे कॅडमियमच्या कामाला बिनरंगाचं झाकण आणि बिनरंगाच्याच टिप, पिवळ्या नाहीत.

विद्यार्थी_एमएस्सी
आमच्याकडे शेवटचं विसळणं पण नळाच्या पाण्याने करतात, डीआयची मशीन सारखी बंद असते. आणि १० टक्क्याऐवजी थेट कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक वापरलं तर वेळ वाचेल का, जास्त स्ट्राँग म्हणजे जास्त साफ ना

मेघना_जीसी
अरे बाबा नको!! हाताला लागलं तर कातडी पिवळी पडून निघते

आसावरी_नागपूर
नको. प्लास्टिक पिवळं आणि ठिसूळ होतं, मग तेच खडबडीत भिंतीत धातू धरून ठेवतं. ९०० मिली पाण्यात १०० मिली कॉन्सन्ट्रेटेड, अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, फ्यूम हूडखाली, गॉगल लावून. वेळ वाचवायचाच असेल तर टब दोन ठेव. आणि नळाचं पाणी शेवटी नकोच, जीआय पाइप आणि पितळी तोटीतून झिंक, तांबं, शिसं तिन्ही येतात. डीआय थोडंच असेल तर ते सगळं शेवटच्या विसळण्याला राखून ठेव, आधीचं नळाने चालेल. भरपूर पाणी एकदा ओतण्यापेक्षा थोडं थोडं चारदा, दरवेळी झाकण लावून हलवून पूर्ण निथळू द्यायचं. पेपर टॉवेलने आतून पुसायचं नाही.

विद्यार्थी_एमएस्सी
आम्ही लोखंडी खुंट्यांच्या स्टँडवर उपड्या घालतो वाळायला 😟

पाटील_कोल्हापूर
त्या खुंट्यांवर प्लास्टिकची नळी चढव, आम्ही तेच केलंय. लोह मोजत असशील तर तेही नको, झटकून ओलीच पिशवीत घाल, मिली-क्यूचे चार थेंब राहिले तर काय बिघडतं

कावेरी२२
माझा टबाच्या अ‍ॅसिडचा प्रश्न राहिला की, किती वेळा वापरता?

समुद्रपक्षी_गोवा
आम्ही आकडा धरत नाही. टबातलंच थोडं पातळ करून मोजतो, झिंक-लोह वर चढायला लागलं की बदलतो. पहिल्या टबातलं टाकायचं, दुसऱ्यातलं पहिल्यात, दुसऱ्यात नवीन.

कावेरी२२
हे आमच्या मॅडमना दाखवते. आमच्याकडे महिन्याच्या १ तारखेला बदलतात, मग बाटल्या दहा गेल्या असोत की हजार

जुना_केमिस्ट
आसावरी, त्या मुलीचं पुढे काय झालं? चकतीच होती का?

आसावरी_नागपूर
काका, अजून कळलं नाही. उभ्या-उलट्या ठेवल्यात, उद्या मोजणार आहे. तिच्या झाकणांत चकतीच नाही म्हणतेय, सलग प्लास्टिक आहे, त्यामुळे मला हातमोज्यांचा संशय आहे. एक संच मोज्यांशिवाय, नुसता चिमट्याने धरून करायला सांगितलंय, प्लास्टिकचा चिमटा.