अनुभव सांगा: घरच्या आजारपणासाठी साहेबांकडे मोठी रजा कशी मागितलीत?

सायली: बाबांची बायपास पुढच्या महिन्यात आहे आणि मी एकुलती एक. खाजगी कंपनीत आहे, चार आठवडे रजा लागेल. साहेबांशी काय बोललात, कुठे अडलं, ते सविस्तर लिहा.

कोपरकर: आईच्या बायपासच्या वेळी मी ॲडमिट केल्यापासून सलग रजा मागणार होतो. डॉक्टरांनीच थांबवलं. आयसीयूत आपल्याला भेटीच्या वेळेपुरतंच सोडतात, खरी गरज डिस्चार्जनंतर. छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे जातात. तोवर हातावर भार देऊन उठायचं नाही, म्हणजे रात्री बाथरूमला जायलाही सोबत हवी. म्हणून ऑपरेशनचे दोन दिवस आणि घरी आणल्यापासून तीन आठवडे, अशी मागणी केली. साहेब तारखेवर अडले. मग अर्जात लिहिलं, ‘डिस्चार्ज अंदाजे 18 तारखेला, दोन-तीन दिवस मागेपुढे होऊ शकेल, नक्की तारीख कळताच कळवतो.’ सोबत घरी माणूस लागेल अशी डॉक्टरांची चिठ्ठी आणि माझी कामं कोण बघणार त्याची यादी जोडली. यादी पाहूनच ते निवळले.

पमाकाकू: ईएसआय कापत असतील तर रजेचा पगार तिथून मिळतो गं.

निवृत्त हेडक्लार्क: काकू, तो स्वतःच्या आजारपणाचा. वडील अवलंबून असतील तर त्यांना उपचार मिळतील, हिला रजेचे पैसे नाहीत. सायली, दुकाने कायद्यात येत असशील तर अर्जित रजा 45 दिवसांपर्यंत साठते, आधी शिल्लक बघ. आमच्या राज्य सरकारी कचेरीत लोक घरच्यांसाठी स्वतःचं खोटं मेडिकल देऊन परिवर्तित रजा टाकायचे. कृपा करून तसं करू नका. रुजू होताना फिटनेस द्यावा लागतो, संशय आला तर मेडिकल बोर्डापुढे पाठवतात. अर्जित किंवा अर्धवेतनी मागावी आणि कारण खरं लिहावं.

न्यू जर्सीकर: इथे एफएमएलएखाली 12 आठवडे मिळतात, बिनपगारी. बाबा पुण्यात असूनही मला मिळाली, तिथल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट चाललं. सासूबाईंच्या वेळी मात्र एचआरने नाही म्हटलं, कारण त्या कायद्यात सासू-सासरे येतच नाहीत. नवऱ्याने घेतली.

मृद्गंध: मला बाळंतपणाच्या रजेला जोडून बालसंगोपन रजा हवी आहे, अर्ज कसा लिहू?

हेडक्लार्क: त्याचे नियम वेगळे, वेगळा धागा काढ बाई.

सायली: आज बोलले. दोन आठवडे रजा आणि पुढचे दोन घरून काम, असं साहेब म्हणतात. घेऊ का?

कोपरकर: पहिला आठवडा तरी पूर्ण मोकळा ठेव. मीटिंग चालू असताना बाबांना उठायचं असेल तर काय करशील?

पमाकाकू: मी तर हो म्हणेन. पगार चालू राहील आणि दिवसा बाई ठेवता येईल. फक्त साहेबांकडून मेलवर लिहून घे. आमच्या ह्यांचे साहेब तोंडी हो म्हणाले आणि महिन्याअखेरीस पगार कापला गेला.