अनुभव धागा: स्टोअरचं अकाउंट डिसेबल झालं, मग विकत घेतलेल्या ॲप्सचं काय?

रेवा_ठाणे
मंडळी, ज्यांचं ज्यांचं ॲप स्टोअरचं किंवा प्ले स्टोअरचं अकाउंट कधी बंद पडलंय त्यांनी इथे सविस्तर लिहा प्लीज, काय चालू राहिलं, काय गेलं आणि सपोर्टपर्यंत कसे पोचलात. आमच्याकडे काय झालं ते सांगते. माझी बहीण दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते, सगळं काम आयपॅडवर, ड्रॉइंगचं ॲप एकदाच पैसे भरून घेतलेलं. तिच्या एका फाँटच्या ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन रिन्यू झालं, १,४९९ रुपये कापले गेले, बँकेच्या मेसेजवरून तिला काही उमगेना म्हणून तिने बँकेत फोन लावला तर तिथला माणूस म्हणाला फ्रॉड म्हणून डिस्प्यूट टाकून देतो मॅडम, आणि टाकला पण. पैसे परत आले. मग एके दिवशी एक फुकटातलं ॲप घ्यायला गेली तर स्क्रीनवर Your account has been disabled in the App Store and iTunes. अंकाची चित्रं अर्धी आहेत, ड्रॉइंगचं ॲप अजून उघडतंय पण किती दिवस उघडेल या धास्तीने तिची झोप उडालीये.

पक्याभाऊ
अहो एवढं काय त्यात, नवीन आयडी काढा, त्याने लॉगिन करा, ॲप परत डाउनलोड करून घ्या, आमच्या भाच्याने तसंच केलं होतं, दहा मिनिटांत चालू.

कोडवाला_कोथरूड
पक्याभाऊ, भाच्याचं ॲप फुकटचं असणार, म्हणून जमलं. पैसे भरून घेतलेलं ॲप ज्या आयडीवर घेतलं त्यालाच चिकटलेलं असतं, नवीन आयडीवर ते परत विकत घ्यावं लागतं आणि जुनी कॉपी नवीन आयडीने अपडेटही होत नाही.

रेवाताई, मी ॲप बनवतो, असे मेल मला बरेच येतात म्हणून कळकळीने सांगतो, ताईंनी ते ड्रॉइंगचं ॲप कुठल्याही परिस्थितीत डिलीट करायचं नाही. आयपॅडवर आधीच असलेलं ॲप साधारणपणे उघडत राहतं, बंद होतं ते नवीन घेणं, अपडेट आणि परत डाउनलोड. बऱ्याच ड्रॉइंगच्या ॲप्समध्ये चित्रं ॲपच्या आतच साठवलेली असतात, ॲप उडालं की चित्रंही गेली. म्हणून आजच्या आज सगळी चित्रं एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर घ्या, नुसता जेपीजी नको, लेयर शाबूत राहतील अशा फॉरमॅटमध्ये.

दुसरं म्हणजे Settings मध्ये Apps, त्यात App Store, तिथे Offload Unused Apps चालू असेल तर लगेच बंद करा. जागा कमी पडली की आयपॅड कमी वापरातलं ॲप आपण होऊन काढून टाकतो, डेटा ठेवतो आणि परत टॅप केलं की स्टोअरमधून आणतो. एरवी सोयीचं आहे, पण अकाउंट बंद असताना ते परत येणारच नाही, नुसता आयकॉन दिसत राहील. आणि आयपॅड रिसेट करून बॅकअपमधून सगळं परत येईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, बॅकअपमध्ये ॲपचा डेटा असतो, मूळ ॲप नसतं, ते स्टोअरमधूनच उतरवलं जातं.

संगीता_नाशिक
माझा पण फोन असाच बंद झाला होता! मुलाने पासकोड चुकीचा टाकून टाकून iPhone Unavailable आलं, दुकानात नेला तर सगळं पुसून दिलं त्यांनी. फोटो गेले ते गेलेच.

कोडवाला_कोथरूड
संगीताताई, तो फोनचा पासकोड, हा विषय वेगळा. पण मेसेज नीट वाचा हे त्यातून सगळ्यांनी घ्या. अकाउंट सुरक्षेसाठी लॉक झालंय असं लिहिलं असेल तर iforgot.apple.com वर जाऊन पासवर्ड बदलून घरच्या घरी सुटतं. App Store and iTunes मध्ये डिसेबल असं असेल तर पासवर्ड कितीही बदला, सपोर्टशीच बोलावं लागतं. पैसे थकलेत किंवा बँकेने परत घेतलेत हे त्यामागे पुष्कळदा असतं. आयक्लाउडचे फोटो, मेल उघडतायत का तेही बघा, उघडत असतील तर बंदी फक्त स्टोअरपुरती आहे.

मनोज_अमरावती
अँड्रॉइडवाल्यांसाठी माझं लिहितो. फोन चोरीला गेला, चोराने माझ्या मेलवरून भलभलते मेल पाठवले आणि गूगल अकाउंटच डिसेबल झालं. लॉगिन करायला गेलं की कारण दिसतं आणि तिथेच अपीलचं बटण असतं, दुसरीकडे कुठे शोधत बसू नका. मी अपिलात फोन चोरीला गेल्याची तारीख, पोलिसांत दिलेल्या तक्रारीचा नंबर आणि त्यानंतरचं काही माझं नाही एवढंच लिहिलं, रडगाणं नाही. पहिलं नामंजूर झालं, दुसरं अजून अडकलंय.

तोपर्यंत जुन्या टॅबवर बघितलं तर विकत घेतलेला शब्दकोश व्यवस्थित चालतोय, पण पंचांगाचं ॲप उघडताना लायसन्स तपासतं, ते अडलं. प्ले स्टोअरची खरेदी एका अकाउंटवरून दुसऱ्यावर हलवता येत नाही. मग पंचांगवाल्या डेव्हलपरला मेल टाकला, नशिबाने पावती बायकोला फॉरवर्ड केलेली होती, त्यावर GPA ने सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो तो दिला. त्यांनी त्यांच्याकडे खरेदी पडताळली आणि नवीन अकाउंटसाठी प्रोमो कोड पाठवला. सगळे देतीलच असं नाही, देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही.

विदुला
सपोर्टचा नंबर गूगलवर शोधू नका हो कोणी! माझ्या सासऱ्यांनी शोधून पहिला दिसला तो लावला, समोरच्याने स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला लावलं आणि खातं रिकामं. फोनच्या सेटिंगमधून किंवा support.apple.com असं स्वतः टाइप करून जा. खरा सपोर्टवाला तुमचा पासवर्ड किंवा बँकेचा ओटीपी मागत नाही.

पक्याभाऊ
नाही ऐकलं त्यांनी तर ग्राहक मंचात खेचा सरळ.

ॲड_निशिगंधा
मंच नंतर. आधी कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल करा, ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. सोबत 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा. पण रेवाताईंच्या बहिणीने पैसे उलटे घेतलेत, तो भाग मिटवल्याशिवाय तक्रारीत दम राहणार नाही.

रेवा_ठाणे
ताजी खबर. चित्रं सगळी एक्स्पोर्ट झाली, Offload चालू होतं ते बंद केलं. मग बँकेत जाऊन डिस्प्यूट मागे घेतल्याचं पत्र घेतलं, फोनवर ते द्यायलाच तयार नव्हते, शाखेत लेखी अर्ज दिल्यावर मिळालं. सपोर्टला माझ्या फोनवरून संपर्क केला. पहिल्या मुलीने पासवर्ड रीसेट करा सांगितलं, आम्ही म्हटलं मेसेज सिक्युरिटीचा नाही, बिलिंगचा आहे, वरच्या माणसाकडे द्या. मग सीनियर ॲडव्हायझर आले, केस नंबर दिला, पावतीवरचा M ने सुरू होणारा ऑर्डर आयडी आणि बँकेचं पत्र घेतलं. थकलेले १,४९९ परत भरून घेतले आणि नंतर अकाउंट उघडलं, ड्रॉइंगचं ॲप अपडेटही झालं. पुढच्या वेळी सबस्क्रिप्शन नको असेल तर बँकेकडे न जाता reportaproblem.apple.com वरून रिफंड मागा असं त्यांनी निक्षून सांगितलं.

सुहास_मस्कत
वाचून बरं वाटलं. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, फॅमिली शेअरिंगमध्ये खरेदी माझ्या नावावर आणि वापर मुलीचा पुण्यात. माझं अकाउंट बंद झालं तर तिच्या आयपॅडवरचं शेअर्ड ॲप चालत राहील का?

कोडवाला_कोथरूड
ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडलात तर तिचं बंद होतं हे नक्की. अकाउंट डिसेबल झाल्यावर काय होतं ते प्रत्यक्ष अनुभवलेलं कोणी आहे का इथे? तोवर मुलीला म्हणावं तिचं काम बाहेर काढून ठेव.