मदत हवी आहे: मिसळीचं क्लाउड किचन, हिशोब बसत नाहीये

नमस्कार मंडळी, कोथरूडला घरातल्याच एका खोलीतून फक्त डिलिव्हरीचं किचन सुरू करतोय, फूड लायसन्सचं झालंय, आता गाडी अडलीय ती हिशोबावर.

मिसळ १४० ला लावायची म्हणतोय. २० रुपये ऑफर माझ्या खिशातून, राहिले १२०. त्यावर ॲपवाल्यांचं कमिशन मला २४ टक्के सांगितलंय, म्हणजे २९, आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो ५. हातात ८६. डबे-पिशवी १४, माल ४५, म्हणजे उरले २७, त्यातच गॅस आणि मावशींचा पगार! किंमत १६० केली तर गिऱ्हाईक येईल का?

मेनूला कात्री लावलीय. साबुदाणा वडा काढला, कारण ट्रायलला बंद डब्यात २५ मिनिटं ठेवला तर वाफेने पार मऊ पडला, भाकरीपण वातड होते म्हणून नाही. राहिलं काय तर मिसळ, थालीपीठ-लोणी, मसालेभात. मिसळीत उसळ, कट, फरसाण तिन्ही वेगळं देणार.

खरा घोळ कटाचा आहे. गरम कट भरून लगेच झाकण लावलं की वाफेने झाकण फुगतं आणि तेल कडेने झिरपतं, भावाला स्कूटरवर डेक्कनपर्यंत पिटाळलं तर पिशवी लालभडक. पाच मिनिटं थांबून भरलं तर गळत नाही पण पोचेपर्यंत कोमट. सीलिंग मशीन घेऊ की घट्ट झाकणाचे जाड डबे पुरतील? कोणी रस्सा पाठवत असेल तर प्लीज सांगा.