बेटं किती, रात्री किती? तुमचे अनुभव सांगा

मीनल_स
काल भाच्याने घरच्या ग्रुपवर ग्रीसचा बेत टाकला. नऊ रात्री, सहा बेटं: मिकोनोस, पारोस, नाक्सोस, कूफोनिसी, मिलोस, सांतोरिनी. वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा. २०१७ मध्ये आम्ही हेच केलं होतं, आठ रात्रींत पाच बेटं. पारोसबद्दल विचाराल तर मला आठवतो तो दगडी गल्लीत बॅगेच्या चाकांचा खडखडाट. बाकी काहीही नाही.

पारोस ते नाक्सोस समुद्र जेमतेम पाऊण तासाचा. पण खोली दहाला सोडली, बोट साडेबाराची, धक्क्यावर तासभर आधी, ती वीस मिनिटं उशिरा, आणि नाक्सोसची खोली तीनला मिळाली. पाऊण तासासाठी दहा ते तीन! त्यात नवऱ्याने पोहण्याचे ओले कपडे माझ्या बॅगेत भरले होते, तो विषय वेगळा.

तुम्ही किती बेटं ठेवली, कुठलं वगळलं, कुठे पस्तावलात? लिहा. भाच्याला वाचायला देणार आहे.

रानवारा
आम्ही एकाच बेटावर अकरा दिवस. बायको म्हणाली पुढच्या वेळी दोन. इतकंच.

दर्यावर्दी
मीनलताई, साधा हिशोब आहे. एकूण रात्रींतून बेटं वजा करा, उरतात तेवढेच तुमचे पूर्ण दिवस, म्हणजे जिथे जागे झालात तिथेच झोपलात असे. तुमचे आठ वजा पाच, तीन. भाच्याचे नऊ वजा सहा, तेही तीनच. तीनच बेटं घेतली तर सहा. प्रत्येक नव्या बेटाची किंमत एक दिवस, मग समुद्र पाऊण तासाचा असो की चार तासांचा.

दुसरं म्हणजे नकाशात जवळ दिसतं ते बोटीने जवळ असतंच असं नाही. बोटी ठरलेल्या ओळींवर धावतात. पारोस, नाक्सोस, सांतोरिनी एका ओळीत. मिलोस पश्चिमेच्या ओळीत, तिकडून नाक्सोसला थेट बोट रोज मिळेलच असं नाही. म्हणून मी मिलोस पहिलं काढेन. बेट सुंदर आहे, पण त्याची सहल वेगळी करावी.

निशिगंध७
मिलोस काढलं??? सारकिनिकोचे ते पांढरे खडक! त्यापेक्षा मिकोनोस काढा की.

दर्यावर्दी
मिकोनोसही काढतोय, थांबा जरा 😄

घाईगडबड
एवढं काय अवघड आहे. वेगवान कॅटामरान घ्यायची, निम्मा वेळ वाचतो. आणि पावसाचा अंदाज बघून ठेवायचा. उन्हाळ्यात तिकडे पाऊस नसतोच, म्हणजे बोट रद्द व्हायचा प्रश्नच नाही.

मीनल_स
@घाईगडबड, आम्हालाही असंच वाटलं होतं. कूफोनिसीला आभाळ इतकं निळं की डोळे दिपावेत, आणि बोट रद्द. धक्क्यावरच्या बाईंनी नुसतं वर बोट केलं, झेंडा ताठ फडफडत होता. एक रात्र ठरवली होती, तीन झाल्या. सांतोरिनीच्या दोन रात्रींपैकी एकही उरली नाही, धावतपळत विमान गाठलं.

दर्यावर्दी
तो मेल्तेमी. उत्तरेचा वारा, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जोरात, आणि बहुधा स्वच्छ उन्हातच. पाऊस बघू नका, वारा बघा. कॅटामरान वेळ वाचवते हे खरं, पण वारा चढला की आधी तिलाच थांबवतात. मोठी, हळू, गाड्या नेणारी बोट त्यानंतरही बरंच सोसते. म्हणून शेवटचा, विमानाआधीचा प्रवास मी मोठ्या बोटीनेच करतो, आणि शेवटची रात्र विमानतळ असलेल्या बेटावर किंवा सरळ अथेन्सला.

खारी_हवा
मोठ्या बोटीत उघड्या डेकवर बसता येतं हे कोणी बोललंच नाही. कॅटामरानमध्ये आत खुर्चीला चिकटून बसायचं आणि माझ्यासारख्याने पिशवी धरून 🤢 पुढच्या वेळी आल्याच्या वड्या की गोळी? कोणी सांगा.

रानवारा
गोळी. बोट सुटायच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही.

अनुजा_क
माझा अनुभव अंदमानचा, चालेल ना? नीलला, म्हणजे आता शहीद द्वीप, आम्ही चारच तास ठेवले होते. सकाळच्या बोटीने जायचं, दुपारच्या बोटीने हॅवलॉकला परत. तिथला खडकाचा नैसर्गिक पूल बघायचा तर ओहोटी लागते, खडकांवरूनच चालत जावं लागतं. आम्ही पोहोचलो तेव्हा भरती! परत निघताना पाणी उतरायला लागलं होतं. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे आधी माहीत असतं तर चार दिवस नंतरचा दिवस निवडला असता. किंवा सरळ एक रात्र राहिलो असतो, मग एक तरी ओहोटी उजेडात मिळालीच असती.

पोपटी
लक्षद्वीपला परवाना किती दिवसांत मिळतो?

अनुजा_क
@पोपटी इथे विषय वेगळा आहे गं, पण परवाना लागतो एवढं नक्की. वेगळा धागा काढ.

दर्यावर्दी
अनुजाताईंचा मुद्दा महत्त्वाचा. मुक्काम बेटाच्या आकारावर ठरत नाही, तिथे जे बघायचंय ते कधी दिसतं आणि बोट कधी येते यावर ठरतो. कूफोनिसी तासाभरात बरंचसं पायी फिरून होतं. पण नाक्सोसहून जाणारी छोटी हळू बोट मूळ अमोर्गोसची. सकाळी तिकडून नाक्सोसला येते, दुपारी परत निघते, इराक्लिया, स्खिनूसा करत. तिने गेलात तर रात्र राहणं आलंच. उन्हाळ्यात दुसऱ्या बोटी असतात, तरी वेळापत्रक बघूनच ठरवा.

भाच्यासाठी: नाक्सोस पाच, सांतोरिनी तीन, अथेन्स एक. आठ वजा दोन, बेटांवर पूर्ण दिवस सहा. नाक्सोस मोठं आहे, झास डोंगर हजार मीटरच्या वर, आतली गावं पाहायला दोन दिवस सहज जातात. कूफोनिसी आधी बुक करू नका. नाक्सोसला पोहोचून वारा बघा, पडला असेल तर पाचातली एक रात्र तिकडे. मग पूर्ण दिवस पाच होतात, पण ते तुम्ही समजून उमजून दिलेले.

निशिगंध७
सांतोरिनीला तीन?? एक पुरे! सूर्यास्ताला इयाच्या गल्लीत मी फक्त लोकांच्या डोक्यांचे फोटो काढले.

खारी_हवा
उलट माझं. दिवसा क्रूझची गर्दी असते, पहाटे सहाला तेच इया रिकामं. पण पहाट हवी तर रात्र तिथेच काढायला हवी ना.

निशिगंध७
पहाटे सहाला मी सुट्टीत उठत नाही 😌

घाईगडबड
अमोर्गोसचं नाव निघालं म्हणून. आम्ही तिकीट काढलं कातापोलाचं, खोली आयगियालीत. एकाच बेटावर दोन बंदरं असतात हे कोणाला माहीत! डोंगर ओलांडून टॅक्सी. हसा.

रानवारा
हसलो.

मीनल_स
भाच्याला दाखवलं. म्हणतो, मिलोस काढतो, पण मिकोनोस राहू दे, मित्रांना हवंय. म्हणजे नऊ वजा पाच. मी झास डोंगराचा फोटो पाठवून ठेवलाय.