पोळपाट-लाटण्यावरचा जुना चिकटा कसा काढता? अनुभव सांगा

खमंग_चकली: दिवाळीच्या पुऱ्या आम्ही पिठी न लावता तेलावरच लाटतो. आता आमच्या सागवानी पोळपाटावर मधोमध पिवळट, मेणचट थर बसलाय. बोट लावलं की चिकटतं, खवट वासही येतो. लाटण्याच्या मुठीपाशी कणीक दगडासारखी वाळली आहे. भांड्याच्या साबणाने वरवरचं जातं, चिकटा तसाच. तुम्ही काय केलंत ते लिहा. नुसतं 'नवीन घ्या' नको, पोळपाट सासूबाईंचा आहे.

सुतारपक्षी: घरात सुतारकाम आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आधी पाणी लावू नका. वाळलेली कणीक कोरडी असतानाच उलथन्याची कड तिरकी धरून लाकडाच्या रेषेच्या दिशेने खरवडा, बरीचशी खपल्यांनी निघते. पाणी आधी पडलं तर तिची खळ होते आणि रेषांत शिरते. उरलेल्या जागी घट्ट पिळलेलं ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग पुन्हा खरवडा.

तेलाचं दुखणं वेगळं. सूर्यफूल, सोयाबीन, करडई ही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात, हळूहळू त्यांचा वार्निशसारखा थर बनतो. तो साबणाला दाद देत नाही. दोन चमचे खायच्या सोड्यात कोमट पाणी थेंब-थेंब घालून दाट लगदा करा आणि नारळाच्या काथ्याने रेषेबरोबर घासा. लगदा तपकिरी झाला की तेल सुटतंय असं समजा. दोन-तीन मिनिटांत ओल्या फडक्याने पुसून घ्या, गरज पडली तर पुन्हा करा. शेवटी नखाने ओरखडून बघा. नखात मेणासारखी वळी आली तर अजून थर आहे, कोरडा भुसा आला तर लाकूड लागलं.

मग पोळपाट सावलीत कडेवर उभा ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना वारा लागेल. आडवा ठेवला तर एकच बाजू वाळते आणि तो वाकतो. पाणी लागल्यामुळे दुसऱ्या दिवशी लाकडाचे तंतू उभे राहून हाताला खरखर लागेल. तेव्हा १५० नंबरचा काचपेपर आणि मग २२० नंबरचा, दोन्ही रेषेबरोबरच.

आजीचा_बटवा: एवढं कशाला? लिंबाची फोड आणि जाडं मीठ घासायचं, धुवायचं, कडक उन्हात टाकायचं. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं.

सुतारपक्षी: लिंबू-मिठाने वास आणि हळदीचे डाग कमी होतात, हे खरं. पण घट्ट झालेलं तेल त्याने सुटत नाही. आणि ओला पोळपाट भर उन्हात ठेवला तर वरचा भाग आधी आकसतो, कडेला चिरा जातात.

आजीचा_बटवा: आमच्या पोळपाटाला एकही चीर नाही बरं का! बाभळीचा आहे, एकजात जड.

न्यूजर्सीची_पोळी: आमच्या भाडेकरूने लाटणं डिशवॉशरमध्ये टाकलं होतं. बाहेर आलं ते फिकट, केसाळ, टोकाशी तडकलेलं. पोळीवर रेघा उमटायला लागल्या. आता कोलंबीच्या पाटासारखं वेगळं ठेवलंय, कोणालाच हात लावू देत नाही.

रोजची_घाई: माझीही पोळी पोळपाटाला चिकटते! कणीक सैल होत असेल का? पिठी जास्त लावली की पोळी कडक होते.

खमंग_चकली: @रोजची_घाई तो धागा वेगळा आहे गं, इथे पोळपाट स्वतःच चिकट झालाय 😄

मुंबईकर_मामा: धुण्याचा सोडा वापरून पाहिला. चिकटा झटक्यात गेला, पण शिसमाचा पोळपाट काळाकुट्ट पडला. बाजारातला पॉलिशवाला असेल तर पॉलिशही निघेल.

सुतारपक्षी: हो, शिसम, बाभूळ, साग यांचा रंग सोड्याने गडद होतो. खायच्या सोड्यानेही थोडा होतोच, म्हणून आधी मागच्या बाजूला पायांजवळ लावून बघावं. आणि पाय उलटून बघाच. तिथल्या खाचेत पिठाची पुटं साठतात, किडे तिथेच लागतात. जुना दातांचा ब्रश कोरडाच फिरवा.

खमंग_चकली: केलं! दोनदा लगदा लावावा लागला. मधला भाग गडद झालाय, पण वास गेला आणि नखात काही येत नाही. फिरत्या मुठीच्या फटीतली कणीक मात्र हटत नाही.

मुंबईकर_मामा: फटीत पाणी सोडू नका, आतला दांडा फुगला की मूठ फिरायची थांबते. दोरा गुंडाळून पुढे-मागे ओढा, कणीक भुग्यासारखी पडते.

आजीचा_बटवा: सगळं झाल्यावर खोबरेल चोळा, लाकूड तुकतुकीत राहतं.

सुतारपक्षी: खोबरेलाचा वार्निशसारखा थर बनत नाही हे मान्य. पण जास्त झालं तर तेच खवट होतं, आणि रोज पिठी लागते तिथे लगदाच बनतो. मी तरी पोळपाट कोराच ठेवतो.

आजीचा_बटवा: तुमचा कोरा, माझा तुकतुकीत. पुऱ्या दोघांच्याही फुगतात ना?