मदत हवी आहे: पंपगृहाच्या तासातासाच्या नोंदींत रकाने रिकामे राहतात, ते खोटे न पडता कसे भरू?

नवी_नोंदवही:
नमस्कार मंडळी. सोलापूरजवळच्या एका पंपगृहाचा रोजचा अहवाल चार महिन्यांपासून मी तयार करते. नदीकाठच्या जॅकवेलमधून पाणी उचलून शुद्धीकरण केंद्राकडे पाठवणारे दोन पंप आहेत. एक चालू असला की तासाला साधारण ६०० घनमीटर, दोन्ही असले की बाराशेच्या आसपास. फ्लो मीटरचा आकडा दर तासाला सिमवरून सर्व्हरवर येतो आणि मी तो एक्सेलमध्ये घेते.

मंगळवारी रात्री १० वाजता ११९० आला. मग ११ पासून पहाटे ४ पर्यंतचे सहा रकाने कोरे, आणि ५ वाजता ११८०. कामावर आले तेव्हा मला शिकवलं होतं की मधले आकडे सरळ रेषेत ओढून घ्यायचे. त्याप्रमाणे मी ११८९, ११८७, ११८६ असे भरले. सकाळी पंपावरच्या काकांनी अहवाल पाहिला आणि म्हणाले, "पोरी, रात्री लाईट नव्हती, आणि तुझ्या कागदावर पंप चालूच?"

तेव्हापासून चैन नाही. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. एखाद्या भागाला कमी मिळालं तर लोक विचारणार, आणि कागद म्हणणार पूर्ण सोडलं होतं. शून्य लिहावं तर तेही खरं नसतं, कारण कधी नुसतं नेटवर्क जातं आणि पंप चालूच असतो. कोरं ठेवलं तर दिवसाची बेरीज कमी पडते. काय करू?

आकडेमोड_पुणे:
दोन-तीन तासांचा खंड असेल तर सरळ रेषेने भरायला हरकत नाही, सगळीकडे तसंच करतात. त्याहून मोठा असेल तर मागच्या सात दिवसांची त्याच तासाची सरासरी घ्या.

सिग्नल_अक्कलकोट:
ताई, सिम बदला आधी. दोन कंपन्यांची दोन सिमं बसतील असा मोडेम घ्या आणि आरटीयूला बॅटरी जोडा. आमच्या गोदामात तसं केल्यापासून एक तास गेला नाही बघा.

नवी_नोंदवही:
दादा, मोडेमचं सांगते वरती. पण जे तास गेलेत त्यांचं काय लिहायचं, हा माझा प्रश्न आहे.

जुना_पाणीवाला:
मी तीस वर्षं पंपगृहांवर काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी सरळ रेषेचं. टाकीतल्या पाण्याची पातळी हळूहळू चढते-उतरते, तिथे तासाभराचा खंड रेषेने जोडला तर फार बिघडत नाही. पंपाचा प्रवाह तसा नसतो. तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा असतो: शून्य, सहाशे, बाराशे. खंडाच्या दोन्ही टोकांना पंप चालू होता, यावरून मधे चालू होता असं काहीच ठरत नाही. सात दिवसांच्या सरासरीचंही तेच, ती नेहमीची रात्र सांगते. तुमची रात्र नेहमीची नव्हती, आणि नोंद नेमकी तशाच रात्री तुटते.

आता मला सांगा, तासाच्या प्रवाहाबरोबर टोटलायझरचा आकडा येतो का? मीटर बसवल्यापासूनचं एकूण पाणी दाखवणारा, सतत वाढत जाणारा आकडा.

नवी_नोंदवही:
येतो! पण तो रकाना आम्ही लपवून ठेवलाय. रात्री १० ला ४८,१२,३०० आणि पहाटे ५ ला ४८,१६,४५०.

जुना_पाणीवाला:
मग उत्तर तुमच्याच फाईलमध्ये आहे. वजाबाकी ४,१५० घनमीटर. सात तासांत एवढंच पाणी गेलं, आणि हे मोजलेलं आहे, अंदाज नाही. सरळ रेषेने तुम्ही जवळजवळ ८,३०० दाखवले, म्हणजे दुप्पट. ४,१५० ला ११८५ ने भागा, साडेतीन तास येतात. दोन्ही पंप साडेतीन तास चालले आणि साडेतीन तास बंद होते, असा हिशेब लागतो. एकच पंप रात्रभर चालला असता तरी बेरीज जवळपास एवढीच आली असती, म्हणून दोन्ही पंपांचे अवर मीटर बघा.

म्हणून दिवसाची बेरीज तासांचे रकाने मिळवून काढूच नका. दोन मध्यरात्रींच्या टोटलायझरमधला फरक घ्या. तासांचे रकाने कोरे राहिले तरी बेरीज बिघडत नाही. B2 मध्ये आजचा आणि B26 मध्ये उद्याचा रात्री १२ चा टोटलायझर असेल तर:

```
=IF(COUNT(B2,B26)=2, B26-B2, "मध्यरात्रीची नोंद नाही")
```

नवी_नोंदवही:
पण सर, इथे रात्री १२ चीच नोंद गेली आहे. ते ४,१५० मंगळवारचे किती आणि बुधवारचे किती?

जुना_पाणीवाला:
हाच अवघड भाग. नुसत्या मीटरवरून फक्त हद्द सांगता येते. १० ते १२ दोन तास दोन्ही पंप चालले असतील तर मंगळवारचे फार तर २,३८०. दहानंतर लगेच बंद पडले असतील तर जवळजवळ काहीच नाही. लॉगबुकात लाईट गेल्या-आल्याची वेळ असेल तर ही हद्द आकसेल.

चादरवाला_एमआयडीसी:
मधेच बोलतो. आमच्या कारखान्यात मागांवरचे काउंटर बंद पडतात तेव्हा मी विजेच्या मीटरचे युनिट बघतो. माग चालला तर युनिट पडणारच. तुमच्या पंपाचं तसंच असेल की ओ.

जुना_पाणीवाला:
चादरवाल्यांनी फार कामाचं सांगितलं. फ्लो मीटरचा स्वतःचा पुरवठा तुटला आणि पंप चालूच राहिले, तर टोटलायझर थांबून राहतो आणि पाणी कमी दाखवतो. ते युनिटवरूनच पकडता येतं.

नवी_नोंदवही:
आज पंपगृहावर जाऊन आले. लॉगबुकात आहे: लाईट गेली १:१०, दोन्ही पंप परत सुरू ४:४०. दोन्ही अवर मीटरही साडेतीन तासांनीच पुढे गेलेत. विजेचे युनिट पाळी बदलताना, रात्री १० आणि सकाळी ६ ला लिहितात. एरवी १०० घनमीटरला १८ च्या आसपास पडतात. त्या आठ तासांत सकाळच्या तासासकट ५,३३० घनमीटर गेले, म्हणजे साधारण ९६० पडायला हवेत. पडलेत ९६५.

जुना_पाणीवाला:
मग मीटर जागा होता. मंगळवारला २,३८०, बुधवारला उरलेले १,७७०. लॉगबुकावरून बुधवारचे दीड तास येतात, त्याचे १,७७५ च्या आसपास होतात, जुळतंय. अहवालात या दोन आकड्यांपुढे लिहा: "विभागणी लॉगबुकावरून, एकूण ४,१५० मीटरवरून". ११ ते ४ हे सहाही रकाने कोरेच ठेवा. २, ३ आणि ४ वाजता पंप बंद होते हे शेऱ्यात लिहा, पण मीटरच्या रकान्यात शून्य टाकू नका, तिथे मीटरने काही पाठवलेलं नाही.

आकडेमोड_पुणे:
माझं पातळीच्या नोंदींवरून बोलणं झालं, पंपाला लागू नव्हतं. एक विचारतो: रकाना कोरा नसतो पण आकडा खोटा असतो, असं होतं का? आमच्याकडे सर्व्हर शेवटचाच आकडा परत परत दाखवायचा.

नवी_नोंदवही:
अगं बाई! मागच्या एका रविवारी ११९२.४ सलग पाच तास आहे. मी तो चांगला दिवस धरला होता.

जुना_पाणीवाला:
चालू पंपाचा प्रवाह दशांशासकट पाच तास तसाच राहत नाही. त्या तासांचा टोटलायझर बघा. तोही थिजलेला असेल तर ते पाच तास कोरे समजा आणि वरचाच हिशेब लावा.

नवी_नोंदवही:
थिजलेलाच आहे. रविवारचा अहवाल सुधारून पाठवते. मंगळवारचा पाठवला होता, तो साहेबांकडून परत आला. म्हणाले, नमुन्यात चोवीस आकडे लागतात, कोरं चालत नाही. मी टोटलायझरचा रकाना उघडून लॉगबुकाच्या पानाचा फोटो जोडलाय आणि सोमवारी वेळ मागितली आहे. कुणाच्या कार्यालयात कोरा रकाना मान्य झाला असेल तर नमुना कसा होता तेवढं सांगा.