मायनस स्टॉक: आधी युनिट बघा

> दिवाळी सेलनंतर शीटमधे काही मालाची शिल्लक मायनस दिसतेय, सरळ शून्य करून टाकू का?

शून्य नका करू, मायनस का झालं ते सापडणारच नाही मग. आमच्या बाबांच्या दुकानात सेम झालेलं. पणत्या -272! आणि रॅकवर तर पणत्या दिसतायत. बाबा म्हणे चोरी झाली, पण चोरीने माल कमी होतो, शीट मायनस कशी जाईल (विक्रीची नोंद जास्त असल्याशिवाय नाही जात). मग मी मायनसवाले आयटम बघितले तर सगळे सुटे विकले जाणारे, अख्खा बॉक्स विकतो ते बरोबर. खरेदीचं बिल बॉक्समधे, म्हणून बाबांनी 40 लिहिलेले, आणि सेलमधे पोरांनी नगावर 312 विकलेल्या. एका बॉक्समधे 12, म्हणजे आल्या 480, उरायला हव्यात 168. B खरेदी, C विक्री, D मधे बॉक्समागे नग असा नवा कॉलम टाकला:

```
=B7*D7-C7
```

रॅकवर मोजल्या तर 161, सात फुटलेल्या, त्या नुकसानीत वेगळ्या लिहिल्या. अख्खा बॉक्स विकला जातो तिथे D मधे 1 टाका, रिकामं ठेवलं तर खरेदीच शून्य धरली जाते आणि परत मायनस.